जुन्या पुस्तकाची पाने साफ करताना: कमाल, किमान आणि छाटलेली सरासरी

६ जानेवारी २०२५

१९३०च्या दशकात खिळ्यांवर छापलेल्या एका मराठी पुस्तकाची पाने ओसीआरला, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला, देण्याजोगी करायची आहेत. पाने तीन प्रकारची आहेत. बहुतेक फ्लॅटबेड स्कॅनरवर ३०० डीपीआयला, आठ बिटांच्या करड्या छटेत घेतलेली, ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. त्यांवर काळे ठिपके आहेत: काचेवरची धूळ, शाईचे शिंतोडे, कागदातले तंतू. दुसरा प्रकार प्रकरणांच्या पहिल्या पानांचा. तिथे जाड टाइपातले मथळे आहेत आणि शाई नीट न बसल्यामुळे अक्षरांच्या पोटात पांढरी छिद्रे उरली आहेत. तिसरा प्रकार बांधणीमुळे पूर्ण न उघडणाऱ्या पानांचा. त्यांचे संध्याकाळी ट्यूबलाइटखाली मोबाइलने फोटो काढले. ते सगळीकडे रवाळ आहेत आणि वर काळे-पांढरे ठिपके आहेतच.

साफसफाईसाठी फक्त क्रमावर चालणारे फिल्टर वापरायचे ठरवले आहे. ते प्रत्येक पिक्सेलभोवती एक छोटी चौकोनी खिडकी धरतात, तिच्यातल्या छटा चढत्या क्रमाने लावतात आणि त्या रांगेवरून त्या पिक्सेलची नवी छटा ठरवतात. कारण साधे आहे. एखादे अक्षर बिघडले, तर ते कुठल्या पिक्सेलमुळे आणि का बिघडले हे या फिल्टरांच्या बाबतीत कागदावर मांडून दाखवता येते.

फिल्टर लावण्याआधी प्रत्येक प्रकारच्या पानाच्या कोऱ्या समासातून २०० × २०० पिक्सेलचा तुकडा कापून त्याचा हिस्टोग्राम, म्हणजे कुठल्या छटेचे किती पिक्सेल आहेत याचा आलेख, काढला. समासात अक्षर नसते, त्यामुळे तिथे जे काही हलते तो नॉइजच. स्कॅनच्या तुकड्यात २११च्या आसपास अरुंद टेकडी आहे आणि काळ्या बाजूला लांब, विरळ शेपूट. उजवीकडे काही नाही. फोटोच्या तुकड्यात टेकडी घंटेसारखी रुंद आहे आणि दोन्ही टोकांना थोडे थोडे पिक्सेल सांडलेले आहेत. या दोन आकृत्यांवरूनच पुढची बरीचशी निवड ठरणार आहे. नॉइज एका बाजूचा आहे की दोन्ही, आणि मधली टेकडी अरुंद आहे की रुंद, एवढेच बघायचे.

पाठ्यपुस्तकात सॉल्ट-पेपर नॉइज, म्हणजे मीठ-मिरीसारखे सुटे पांढरे-काळे ठिपके, ० आणि २५५ या टोकाच्या किमतींचा दाखवतात. आमच्या पानांवरची धूळ ० नाही, ६० ते ९० आहे. क्रमावर चालणाऱ्या फिल्टरला त्याने फरक पडत नाही. ठिपका किती काळा आहे हे तो पाहत नाही, रांगेत कितवा आहे एवढेच पाहतो.

९ जानेवारी

स्कॅनच्या समासातली एक ३ × ३ची खिडकी हाताने सोडवली, कारण पुढचे सगळे यावरच उभे आहे. मध्यभागी धुळीचा कण आहे:

```
212 208 215
210  61 213
209 214 211
```

चढत्या क्रमाने: ६१, २०८, २०९, २१०, २११, २१२, २१३, २१४, २१५.

कमाल फिल्टर शेवटचा आकडा उचलतो, म्हणजे मधल्या पिक्सेलला २१५ मिळतात. कण गेला. किमान फिल्टर पहिला उचलतो, म्हणजे ६१. कण राहिला, आणि एवढ्यावर थांबला नाही. हा पिक्सेल आजूबाजूच्या नऊ खिडक्यांत येतो, त्या नऊही जागी उत्तर ६१च येणार. एका पिक्सेलचा कण ३ × ३चा ठोकळा होतो. साधी सरासरी १९४.८ येते. कण फिका झाला, पण त्याची सावली नऊ पिक्सेलवर पसरली.

छाटलेल्या सरासरीत `d` हा एकूण किती आकडे टाकायचे तो आकडा, निम्मे खालचे आणि निम्मे वरचे. `d = 4` घेतला तर ६१ आणि २०८ खालून जातात, २१४ आणि २१५ वरून जातात. उरलेल्या पाचांची सरासरी बरोबर २११ येते. कण नसलेल्या आठ पिक्सेलची सरासरी २११.५ होती. `d = 0` ठेवले की हीच साधी सरासरी होते आणि `d = 8` केले की एकच मधला आकडा उरतो, म्हणजे मध्यक. मध्यक आणि सरासरी हे दोन वेगळे फिल्टर नसून एकाच बटणाची दोन टोके आहेत. बेडनार आणि वॅट यांनी १९८४मध्ये सिग्नल प्रक्रियेत हे नाते नीट मांडले. डायव्हिंगच्या स्पर्धेत पंचांचे सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळून उरलेले धरतात, तोच हिशेब.

११ जानेवारी

रवाळपणा, म्हणजे घंटेच्या आकाराचा नॉइज, या फिल्टरांना कसा पेलतो ते कोऱ्या तुकड्यावर पाहिले. सगळीकडे १२० छटा, त्यावर १२ प्रमाण विचलनाचा गॉसियन नॉइज, आणि एकही ठिपका नाही.

कमाल फिल्टरने तुकड्याची सरासरी छटा १२०वरून जवळपास १३८वर नेली आणि किमानने १०२वर. यात आश्चर्य नाही. नऊ स्वतंत्र गॉसियन आकड्यांतला सर्वांत मोठा आकडा सरासरीने १.४८५ विचलन वर असतो, आणि १.४८५ × १२ म्हणजे १७.८. खिडकी ५ × ५ केली की हा सरक आणखी वाढतो. वर उरलेला खडबडीतपणा ७च्या आसपास, म्हणजे फार काही गुळगुळीतही झालेले नाही.

याच तुकड्यावर साध्या सरासरीने विचलन १२वरून ४वर आणले, मध्यकाने ४.९वर. `d = 4`ची छाटलेली सरासरी या दोघांच्या मध्ये बसते, सव्वाचारच्या जरा वर. शुद्ध रवाळपणा असेल तर छाटण्याने थोडे नुकसानच होते, कारण टाकलेले चार आकडेही चांगले होते. ती किंमत ठिपके असतील तरच वसूल होते.

तेव्हा रवाळ फोटोंवर कमाल किंवा किमान लावायचे नाही. जिथे टेकडी अरुंद आहे आणि शेपूट एकाच बाजूला आहे, तिथेच त्यांचे काम.

१५ जानेवारी

आता स्कॅन. काळे ठिपके, म्हणून कमाल फिल्टर, ३ × ३. समासातली धूळ एका फटक्यात गेली. ठिपका उरायला त्याच्या खिडकीतले नऊच्या नऊ पिक्सेल काळे असावे लागतात. सुटे कण विखुरलेले असतील तर तसे होण्याची शक्यता नाहीच.

पण पान वाचायला आप्पांकडे दिले. आप्पा निवृत्त जुळारी आहेत. आयुष्यभर खिळे जुळवल्यामुळे त्यांना उलटे अक्षरही सुलट वाचता येते. मुद्दाम त्यांना १५० डीपीआयची प्रत दिली होती, कारण काही पाने आम्हाला त्याच रिझोल्यूशनला मिळालेली आहेत. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “अरे, इथे चिंता होती. तिची चिता झाली.”

अनुस्वार गेला होता. या पुस्तकात तो सतत येतो, कारण १९६२च्या लेखननियमांपूर्वीची छपाई आहे. ‘घरांत’, ‘त्यानें’, ‘कांहीं’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वार प्रत्येक ओळीत आहेत. आणि अनुस्वार म्हणजे उजळ कागदावरचा छोटा काळा ठिपका. कमाल फिल्टरच्या नजरेत त्याच्यात आणि धुळीत काहीच फरक नाही.

आकडे असे. या टाइपातला अनुस्वार साधारण अर्धा मिलिमीटर आहे. ३०० डीपीआयला एका मिलिमीटरमध्ये ११.८ पिक्सेल येतात, म्हणजे अनुस्वार सुमारे सहा पिक्सेल रुंद. ३ × ३चा कमाल फिल्टर प्रत्येक काळ्या वस्तूच्या कडेचा एक पिक्सेल चारही बाजूंनी खातो, सहाचा चार होतो. ठिपका बारीक दिसतो, पण असतो. १५० डीपीआयला तोच ठिपका तीन पिक्सेलचा. खाल्ल्यावर जेमतेम एक उरायला हवा, पण गोल ठिपक्याला कोपरे नसतात. ३ × ३चा पूर्ण काळा चौकोन त्याच्यात बसत नाही, म्हणून तो पूर्ण जातो. नियम असा निघतो: खिडकीएवढा चौकोन ज्या काळ्या आकारात कुठेच बसत नाही, तो आकार कमाल फिल्टरनंतर उरत नाही. ठिपका असो, वेलांटीचे पातळ टोक असो, की दोन पिक्सेल जाडीची रेघ.

१६ जानेवारी

उरलेल्या आकारांची जाडी परत आणायची सोय आहे. कमाल लावून लगेच त्याच मापाचा किमान लावायचा. कमालने कडेचा जो पिक्सेल खाल्ला तो किमान परत भरतो, पण पूर्ण गेलेला ठिपका परत येत नाही, कारण त्याचे बीजच उरलेले नसते. गणितातल्या आकारशास्त्रात याला क्लोजिंग म्हणतात. तिथे कमाल म्हणजे डायलेशन आणि किमान म्हणजे इरोजन. नावे उजळ भागाच्या दृष्टीने ठेवलेली आहेत. आमची अक्षरे काळी असल्याने डायलेशनने अक्षर बारीक होते, हे नवीन माणसाला प्रत्येक वेळी सांगावे लागते.

```python
from scipy.ndimage import maximum_filter, minimum_filter

def dark_specks_out(img, k=3):
    return minimum_filter(maximum_filter(img, size=k), size=k)
```

३०० डीपीआयच्या पानावर याचा निकाल समाधानकारक आहे. अनुस्वार जवळपास मूळ आकाराचे राहिले, फक्त कडा जरा चौकोनी. दोन पिक्सेलपर्यंतचे कण गेले. कागदाची छटा मात्र किंचित उजळच राहते. क्लोजिंगचे उत्तर कुठल्याही जागी मूळ पिक्सेलपेक्षा काळे नसते, त्यामुळे ११ तारखेला पाहिलेला सरक कमी होतो, शून्य होत नाही. स्कॅनमधली टेकडी अरुंद असल्याने इथे तो दोन-चार पातळ्यांचा आहे, ओसीआरला त्याचे काही नाही.

१५० डीपीआयची पाने या वाटेने न्यायची नाहीत. ती पुन्हा स्कॅन करायची. आधी तिप्पट मोठी करून मग फिल्टर लावण्याची सूचना आली होती. प्रतिमा मोठी केली की अनुस्वाराबरोबर धूळही तिप्पट होते, प्रमाण तेच राहते.

५ × ५ची खिडकीही एकदा चालवून पाहिली. सहा पिक्सेलच्या गोल ठिपक्यात पाचचा पूर्ण चौकोन बसत नाही. ३०० डीपीआयलाही अनुस्वार गेले. बंद.

२० जानेवारी

मथळ्यांची पाने. काळ्याच्या पोटात पांढरी छिद्रे, म्हणजे मिठाच्या बाजूचा नॉइज, म्हणून किमान फिल्टर. नंतर जाडी परत आणायला कमाल. क्रम उलटला की काम उलटते. १६ तारखेचे फंक्शन इथे लावले, तर छिद्रे तशीच राहतील.

छिद्रे बुजली. जाड टाइपाच्या मथळ्यात अक्षराच्या रेषा बारा-पंधरा पिक्सेलच्या आहेत, तिथे किमान फिल्टरला मोकळीक आहे. म्हणून हा फिल्टर फक्त मथळ्याच्या चौकटीपुरता ठेवला.

मुद्दाम एका पानाच्या मजकुरावरही चालवून पाहिला. कमालने अनुस्वार खाल्ला, तर किमान कशावर घाला घालतो हे कळायला हवे होते. तो काळ्यामधली उजळ फट बुजवतो. देवनागरीत बरीच अक्षरे अशा फटीवर उभी आहेत. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक डोक्यावरची रेघ कुठे तुटते यावर आहे. बारीक टाइपात ती फट दोन पिक्सेलची असेल तर किमान फिल्टर ती जोडून टाकतो, आणि मागून येणारा कमाल ती पुन्हा उघडत नाही. ‘धर’चे ‘घर’ होते. ही चूक ‘चिता’पेक्षा वाईट, कारण ‘घर’ हा शब्द वाक्यात बेमालूम बसून जातो, शुद्धलेखन तपासणीलाही खटकत नाही.

पुस्तकात काही छायाचित्रे आहेत, हाफटोन ठशांवरून छापलेली. तिथे करडा रंग नसतोच. इंचाला शंभर ते दीडशे रेषांच्या जाळीत लहानमोठे काळे ठिपके असतात आणि डोळा त्यांचा करडा बनवतो. ३०० डीपीआयला एका ठिपक्याचे घर दोन-तीन पिक्सेलचे होते. ३ × ३चा किमान लावला की जवळजवळ प्रत्येक खिडकीत एखादा काळा ठिपका सापडतो आणि अख्खे चित्र काळवंडते. कमाल लावला तर उजळ भागातले ठिपके पुसले जातात आणि चेहरा पांढरा फटक. चित्रांच्या चौकटी दोन्ही फिल्टरांतून वगळल्या आहेत.

२४ जानेवारी

मोबाइलचे फोटो. यांत रवाळपणा आणि ठिपके एकत्र आहेत, ठिपके दोन्ही बाजूंचे. काळी धूळ आहेच. शिवाय रॉ फाइल असल्याने आणि आयएसओ चढवल्याने काही पिक्सेल पांढरे फटफटीत आलेले आहेत.

असल्या पानावर कमाल का नको हे एका हिशेबात कळते. समजा पाच टक्के पिक्सेल पांढरे आहेत. खिडकीत एकही पांढरा नसण्याची शक्यता ०.९५चा नववा घात, म्हणजे ०.६३. उरलेल्या ३७ टक्के जागी कमाल फिल्टर पांढरा ठोकळा उमटवणार. किमानने तेच काळ्या बाजूला. इथे छाटलेल्या सरासरीलाच बसवायचे.

```python
import numpy as np
from numpy.lib.stride_tricks import sliding_window_view

def alpha_trim(img, k=3, d=4):
    r, h = k // 2, d // 2
    p = np.pad(img.astype(np.float32), r, mode="reflect")
    w = sliding_window_view(p, (k, k)).reshape(*img.shape, k * k)
    w = np.sort(w, axis=-1)[..., h:k * k - h]
    return np.rint(w.mean(axis=-1)).astype(np.uint8)
```

`rint` लिहिलेच पाहिजे. थेट `uint8` केले तर दशांश कापला जातो आणि सगळे पान सरासरीने जवळपास अर्ध्या पातळीने काळे होते.

खरा प्रश्न `d` किती ठेवायचा हा. तो अंदाजाने ठरवायची गरज नाही, समासातला हिस्टोग्राम सांगतो. `d = 4` म्हणजे प्रत्येक टोकाला दोन आकडे टाकले जातात. खिडकीत एकाच बाजूचे तीन किंवा जास्त ठिपके आले, की तिसरा सरासरीत शिरतो. पार्श्वभूमी १०० आणि ठिपका २५५ असेल तर उरलेल्या पाचांत एक घुसखोर, (४ × १०० + २५५) / ५ म्हणजे १३१. तेवढी जागा ३१ पातळ्यांनी उजळते आणि पानावर अस्पष्ट पांढरट डाग दिसतात. `d` कमी पडल्याची हीच खूण: ठिपके नसतात, डाग असतात.

हे किती वेळा होईल? एका बाजूचे ठिपके १ टक्का असतील, तर तीन किंवा जास्त एकाच खिडकीत येण्याची शक्यता लाखात आठ. ५ टक्के असतील तर ०.८ टक्के. १० टक्के असतील तर ५.३ टक्के, म्हणजे पान डागांनी भरेल. तिथे `d = 6` केला की हे प्रमाण पुन्हा ०.८ टक्क्यांवर येते आणि मध्यकाला ०.१ टक्क्याच्याही खाली. ठिपके वाढतील तसे बटण मध्यकाकडे सरकवायचे, रवाळपणा जास्त असेल तसे सरासरीकडे.

आमच्या फोटोंत प्रत्येक बाजूला एक टक्क्याच्या आसपास ठिपके मोजले गेले. `d = 2` ठेवला तर एका बाजूला दोन ठिपके एकत्र येण्याची शक्यता ०.३४ टक्के, आणि १२ मेगापिक्सेलच्या पानावर त्या सुमारे चाळीस हजार जागा होतात. `d = 4`ला हजाराच्या आत. `d = 4` पक्का.

२८ जानेवारी

छाटलेली सरासरी अक्षरांच्या कडेला काय करते ते पाहायचे राहिले होते. अनुस्वाराचेच उदाहरण घेतले. फोटोत दूरच्या कोपऱ्यातले अक्षर बारीक येते, तिथे अनुस्वार दोन पिक्सेल रुंद, दोन पिक्सेल उंच. त्याच्यावर बसलेल्या खिडकीत ४० छटेचे चार पिक्सेल आणि २१० छटेचे पाच. मध्यक पाचवा आकडा घेतो, २१०. अनुस्वार साफ गेला. `d = 4`च्या सरासरीत दोन ४० आणि तीन २१० उरतात, उत्तर १४२. फिका झाला, पण आहे.

म्हणजे या जागी छाटलेली सरासरी मध्यकापेक्षा दयाळू आहे, मात्र पुढचा टप्पा तिला साथ देणारा हवा. काळे-पांढरे करताना सगळ्या पानाला १२८चा एकच उंबरठा ठेवला तर १४२ हा पांढऱ्यात जमा होतो आणि सगळे मुसळ केरात. आजूबाजूच्या सरासरीवरून जागोजागी उंबरठा ठरवणारी पद्धत लावली, तेव्हा हे फिके अनुस्वार परत आले. अर्थात त्याच न्यायाने चार पिक्सेलचा धुळीचा कणही परत येतो.

सरळ कडेवर उलटे आहे. मध्यक कड धारदार ठेवतो, छाटलेली सरासरी तिला जरा वितळवते. ओसीआरला त्याचा त्रास दिसला नाही. डोळ्यांनी वाचायच्या प्रतीसाठी मात्र मी मध्यकच घेईन.

एक बारीक गोष्ट. खिडकीत घाण एकाच बाजूची असली तरी छाटणी दोन्ही बाजूंनी होते. एक पांढरा ठिपका आणि आठ स्वच्छ पिक्सेल असले, तर वरून एक ठिपका आणि एकच चांगला आकडा जातो, खालून मात्र दोन चांगले जातात. उत्तर ०.१७ विचलन वर सरकते. १२ विचलनाला दोन पातळ्या. दुर्लक्ष करण्याजोगे, पण कुणी छटांची अचूक मापे घेणार असेल तर त्याने एका बाजूने जास्त छाटावे.

१ फेब्रुवारी

दुसऱ्या एका मदतनीसाने पाठवलेले फोटो जेपेगमध्ये आहेत आणि त्यांवर वरचे सगळे हिशेब लागू पडत नाहीत. हिशेबात गृहीत धरले आहे की प्रत्येक पिक्सेलचा नॉइज शेजाऱ्यापासून स्वतंत्र आहे. फोनने आधीच गुळगुळीत करून, ८ × ८च्या ठोकळ्यांत दाबून फाइल लिहिली, की एका पिक्सेलचा ठिपका तीन-चार पिक्सेलवर पसरतो आणि भोवती फिकी वलये उठतात. मग तीन ठिपके एका खिडकीत येणे हा दुर्मीळ योग राहत नाही, तो नियमच होतो. ओळखायची युक्ती: समासाच्या तुकड्यात शेजारच्या पिक्सेलांचा सहसंबंध काढायचा. आमच्या रॉ फाइलींत तो शून्याच्या जवळ आहे, जेपेगमध्ये ठळकपणे वर. त्या पानांचे फोटो पुन्हा काढायला सांगितले आहेत.

वेळ आणि मेमरी. कमाल-किमान फार स्वस्त पडतात. ३ × ३चा कमाल म्हणजे आधी आडव्या तीनांचा, मग उभ्या तीनांचा कमाल. खिडकी कितीही मोठी झाली तरी पिक्सेलमागे ठरावीक तुलनांत काम उरकणारी व्हॅन हर्क यांची रीत १९९२पासून आहे. छाटलेल्या सरासरीला अशी आडवी-उभी फोड नाही, आम्ही प्रत्येक खिडकी क्रमाने लावतो. वरच्या कोडमध्ये १२ मेगापिक्सेलच्या पानासाठी नऊ प्रती बनतात. चार बाइटच्या हिशेबाने ४३२ एमबी, आणि `np.sort` आणखी एक तेवढीच प्रत बनवतो. आमच्या आठ जीबीच्या लॅपटॉपवर दोन पाने एकदम चालवली की पंखा ओरडू लागतो. पान ५०० ओळींच्या पट्ट्यांत तोडले आहे. प्रत्येक पट्टीला वर-खाली एक ओळ जास्त दिली आहे, नाहीतर सांध्यावर आडवी रेघ दिसते.

४ फेब्रुवारी

उरलेला पेच अनुस्वाराएवढ्या धुळीचा. ३०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये पाच-सहा पिक्सेलचे कण आहेत आणि त्यांना काढेल असा कुठलाही क्रमावर चालणारा फिल्टर अनुस्वारही काढेल. इथे फिल्टरची हद्द संपते, पुढचे काम जागेवरून ठरवायचे. क्लोजिंगनंतर उरलेले सुटे काळे ठिपके वेगळे काढले. व्यास ४ ते ८ पिक्सेल आणि शिरोरेघेच्या लगेच वर असेल तर हात लावायचा नाही. समासात, दोन ओळींच्या मधोमध किंवा अक्षराच्या पायाशी असेल तर काढायचा, पण विसर्गाच्या जोडीला आणि पूर्णविरामाला वगळून.

आप्पांना ही यादी दाखवली. त्यांनी एक भर घातली. “ओळीत दोन शब्दांच्या मधे काळा ठोकळा दिसला तर ती धूळ नाही, स्पेस वर आलेली असते. छापताना ती उठते.” तसे ठोकळे पाहिले, खरेच अक्षराच्या उंचीचे आणि सरळ कडांचे आहेत. व्यासाच्या नियमात ते बसत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी उंची-रुंदीची वेगळी अट लिहिली.

प्रस्तावनेच्या पानांवर खिळे झिजलेले असल्याने शिरोरेघ जागोजागी तुटली आहे आणि ‘रेघेच्या लगेच वर’ ही अट तिथे चालत नाही. ती पाने फक्त ३ × ३च्या क्लोजिंगमधून काढून, ठिपके न पुसता, आप्पांच्या वाचनाला लावली आहेत.